पांढरा रंग कुठे बसतो

पावसाळ्यात वऱ्हाडातल्या कुठल्याही बसस्टँडवर दोन ओळखीची माणसे भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्याकडं पाणी कसा हाय?" आजवर याचे उत्तर मिलिमीटरमध्ये दिलेले मी ऐकलेले नाही. उत्तर येते ते "बरा हाय" किंवा "कमीच हाय" असे. म्हणजे सांगणाऱ्याच्या मनात एक पातळी आधीच असते आणि तो पाऊस त्या पातळीशी लावून पाहतो. धारणीचा माणूस ज्या पावसाला "कमी" म्हणेल, तेवढाच पाऊस दर्यापूरच्या माणसाला भरपूर वाटेल. दोघेही खरे बोलत असतात, कारण दोघांच्या पातळ्या वेगळ्या असतात.

ही पुस्तिका त्या पातळीबद्दल आहे. अमरावती जिल्ह्याचे 14 तालुके आणि अकोल्याचे 7, अशा 21 तालुक्यांच्या पावसाचे तक्ते रंगवून कसे दाखवायचे हे तिच्यात सांगितले आहे. ओळीत तालुका, स्तंभात महिना किंवा आठवडा आणि प्रत्येक चौकोनाला आकड्याप्रमाणे रंग, याला आता सगळेच हीटमॅप म्हणतात. यातही पुस्तिकेचा रोख एकाच प्रकारच्या रंगपट्टीवर आहे. ही पट्टी दोन्ही बाजूंना गडद होत जाते: एका टोकाला तपकिरी, दुसऱ्या टोकाला हिरवट निळा आणि मधे जवळजवळ पांढरा. तिला दुतर्फी रंगपट्टी म्हणू. तिच्यातला पांढरा रंग कोणत्या आकड्यावर बसवायचा, एवढाच प्रश्न मी या प्रस्तावनेत घेणार आहे. तो आकडा चुकला तर बाकी सगळे आकडे बरोबर असूनही चित्र खोटे बोलते, हे मी माझ्याच कामात पाहिले आहे.

एका कमी पावसाच्या वर्षी सप्टेंबरमध्ये मी अकोला जिल्ह्याचा असा तक्ता केला होता. एक्सेलमध्ये आकडे निवडले, तीन रंगांची पट्टी लावली, छापला आणि बैठकीला नेला. पहिली दोन मिनिटे सगळे समाधानाने पाहत होते, कारण तक्त्याचा जवळजवळ अर्धा भाग हिरवा होता. मग मागच्या रांगेतून एका शेतकऱ्याने विचारले, "तेल्हाऱ्यात एवढं हिरवं कशाचं दिसते? आमची विहीर तर भरली नाही." मी घरातला आकडा वाचला. तो उणे होता. त्या तक्त्यातला एकही आकडा शून्याच्या वर नव्हता.

असे का झाले हे कळण्यासाठी तोच प्रसंग साध्या आकड्यांवर मांडतो. हे आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही वर्षाची नोंद नव्हेत. सरासरीपासूनची तफावत टक्क्यांत धरू: तेल्हारा उणे 18, अकोट उणे 22, मूर्तिजापूर उणे 27, अकोला उणे 31, बार्शीटाकळी उणे 35, पातूर उणे 38, बाळापूर उणे 44. सातही तालुक्यांत पाऊस कमी आहे. आता एक्सेलची `3-Color Scale` लावा. तुम्ही काही सांगितले नाही, तर `Minimum` म्हणून ती सर्वांत लहान आकडा घेते, `Maximum` म्हणून सर्वांत मोठा आणि `Midpoint` म्हणून `Percentile 50`, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा. आपल्या सात तालुक्यांत तो अकोल्याचा उणे 31 आहे. पांढरा रंग तिथे बसतो. उणे 27 त्याच्या वर म्हणून फिका हिरवा, उणे 22 अजून हिरवा आणि तेल्हाऱ्याचा उणे 18 सर्वांत गडद हिरवा. संगणकाने सांगितलेले काम चोख केले आहे. पण बैठकीला हवे होते "यंदा पाऊस कसा झाला" याचे उत्तर, आणि चित्र उत्तर देत होते ते "या सातांत कोणाकडे बाकीच्यांपेक्षा जास्त" याचे.

या मांडणीचा खरा धोका पुढे आहे. मध्यबिंदू आकड्यांच्या मध्यावर ठेवला की तक्त्याचा अर्धा भाग कायम हिरवा आणि अर्धा कायम तपकिरी राहतो, वर्ष कसलेही असो. दुष्काळाच्या वर्षाचा आणि ओल्या वर्षाचा तक्ता शेजारी ठेवला तर दोन्ही सारखेच दिसतील. तेव्हा तक्ता तपासण्याची माझी पहिली पद्धत हीच आहे. एक कोरडे आणि एक ओले वर्ष घ्यायचे, दोन्हींना तोच नियम लावायचा आणि लांबून पाहायचे. दोन्ही चित्रे सारखी दिसली तर मध्यबिंदू चुकला आहे.

दुरुस्ती अगदी लहान आहे. एक्सेलमध्ये `Midpoint` चा प्रकार `Number` करायचा आणि किंमत 0 लिहायची. खालचे टोक उणे 60, वरचे टोक 60, हेही हाताने लिहायचे. पायथनमध्ये हेच एका ओळीत होते:

```python
sns.heatmap(t, cmap="BrBG", center=0, vmin=-60, vmax=60)
```

आता तेल्हारा फिका तपकिरी, बाळापूर गडद तपकिरी आणि हिरवे घर एकही नाही. तालुक्यांमधला फरक तरीही दिसतोच, फक्त तो तपकिरीच्या छटांत दिसतो. 60 हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत उणे 19 ते अधिक 19 टक्के म्हणजे सरासरीइतका पाऊस, उणे 20 ते उणे 59 म्हणजे तुटीचा आणि उणे 60 आणि त्याखाली मोठ्या तुटीचा. वरच्या बाजूलाही 20 आणि 60 याच पायऱ्या आहेत. रंगपट्टीची टोके तिथे ठेवली की सर्वांत गडद तपकिरी दिसताच वाचणाऱ्याला नेमका अर्थ कळतो.

याच ठिकाणी एक खड्डा आहे आणि तो आपल्याकडे हमखास लागतो. हवामान विभाग तफावत सांगतो: उणे 18. आपल्या महसूल आणि कृषी खात्याच्या तक्त्यांत मात्र बहुतेकदा "सरासरीच्या तुलनेत टक्केवारी" असते: 82. पाऊस तोच, मांडणी वेगळी. पहिल्या तक्त्यात मध्यबिंदू 0 असतो, दुसऱ्यात 100. कोणी "मध्यबिंदू शून्यावर ठेवा" एवढेच पाठ केले आणि 82 च्या तक्त्याला तो लावला, तर पावसाचा एक थेंब पडलेला प्रत्येक तालुका हिरवा होईल. शून्याला स्वतःचे महत्त्व नाही. "नेहमीइतका" याचा आकडा तुमच्या स्तंभात कोणता आहे ते पाहायचे आणि पांढरा रंग त्याच्यावर ठेवायचा.

आता "नेहमीइतका" म्हणजे कोणाच्या नेहमीइतका? मेळघाटाच्या डोंगरावरचा चिखलदरा आणि पूर्णेच्या खोऱ्यातला दर्यापूर एकाच जिल्ह्यात आहेत, पण त्यांच्या पावसात दुपटीच्या आसपास अंतर आहे. पुन्हा हिशेबापुरते गोल आकडे घेऊ. चिखलदऱ्याची हंगामी सरासरी 1400 मिलिमीटर, यंदा पडला 980. दर्यापूरची सरासरी 650, यंदा पडला 700. कोणी पडलेला पाऊस तसाच मिलिमीटरमध्ये रंगवला आणि पांढरा रंग जिल्ह्याच्या सरासरीवर, समजा 800 वर, ठेवला तर काय दिसेल? 30 टक्के तूट असलेला चिखलदरा हिरवा, आणि सरासरी ओलांडलेला दर्यापूर तपकिरी. पुढच्या वर्षीही असेच आणि त्याच्या पुढच्याही. तो तक्ता वर्षाबद्दल काही सांगतच नाही. डोंगर कुठे आहे एवढे सांगतो, आणि ते सांगायला नकाशा पुरे आहे. म्हणून सरासरी वापरायची ती रंगपट्टीच्या मधे बसवून नव्हे, तर रंग देण्याच्या आधी. प्रत्येक तालुक्याच्या पावसातून त्याच तालुक्याची, त्याच महिन्याची सरासरी वजा करायची, उरलेली तफावत टक्क्यांत मांडायची आणि मग मध्यबिंदू शून्यावर. बसस्टँडवरची माणसे मनात हाच हिशेब करतात.

जिल्ह्याची सरासरी मध्यबिंदू म्हणून कधीच घेऊ नये असे मात्र मी म्हणणार नाही. टँकर मोजकेच आहेत आणि ते आधी कुठे पाठवायचे हा प्रश्न असेल, तर तालुक्यांची आपापसांत तुलना हाच मुद्दा असतो आणि तिथे सरासरीवरचा पांढरा रंग चालतो. पण अशा तक्त्याच्या डोक्यावर "जिल्ह्याच्या सरासरीच्या तुलनेत" हे शब्द मोठ्या अक्षरांत हवेत आणि रंगही वेगळे हवेत. तपकिरी-हिरवा पाहिला की आपल्या डोळ्यांना कोरडे-ओलेच दिसते, खाली टीप कितीही लिहा. मी तिथे जांभळा आणि नारिंगी वापरतो.

शून्य नक्की झाले तरी दोन्ही बाजूंना टोके किती दूर ठेवायची हा प्रश्न उरतो, आणि पावसात तो अवघड आहे. तूट उणे 100 च्या खाली जाऊच शकत नाही. पाऊस पडलाच नाही की विषय संपला. वरच्या बाजूला मात्र मर्यादा नाही. कृषी हवामानशास्त्रात वर्षाचे 52 प्रमाणित आठवडे धरतात. 23 वा आठवडा 4 ते 10 जूनचा, 30 वा 23 ते 29 जुलैचा. समजा 23 व्या आठवड्याची सरासरी 20 मिलिमीटर आहे आणि पडला 60: तफावत अधिक 200 टक्के. समजा 30 व्या आठवड्याची सरासरी 60 आहे आणि पडला 20: तफावत उणे 67 टक्के. दोन्हीकडे फरक 40 मिलिमीटरचाच आहे. पण रंगपट्टी उणे 200 ते अधिक 200 ठेवली तर जूनमधली एक वादळी सर पूर्ण गडद हिरवी होते, आणि ऐन जुलैत पऱ्हाटी आणि सोयाबीन सुकवणारा आठवडा तिसऱ्या हिश्श्याइतकाच तपकिरी दिसतो. लांबून पाहणाऱ्याला वाटेल, हंगाम बरा गेला.

यावर काही जण दोन्ही बाजूंना वेगळे माप लावतात: खाली उणे 100 पर्यंत, वर अधिक 300 पर्यंत, पांढरा शून्यावरच. मॅटप्लॉटलिबमधले `TwoSlopeNorm` हेच करते. तपकिरी बाजू त्यामुळे उठून दिसते, पण एका बाजूचा गडदपणा दुसऱ्या बाजूशी जुळत नाही. उणे 100 पूर्ण गडद आणि अधिक 100 त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, आणि हे वाचणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. सीबॉर्नमधले `center` असे करत नाही. ते दोन्ही बाजूंना एकच माप ठेवते आणि आखूड बाजूची पट्टी मधेच तोडते. दोन्हींत चूक-बरोबर असे नाही, पण आपण कोणते वापरतो हे माहीत हवे. नाहीतर एकच तक्ता दोन संगणकांवर दोन तऱ्हांनी रंगतो आणि वाद सुरू होतो. मी साधा मार्ग धरतो: दोन्ही टोके सारखी, उणे 60 आणि अधिक 60, आणि त्यापलीकडचे सगळे टोकाच्या रंगात. जूनमधल्या अधिक 200 च्या घरात आकडा छापलेला असतोच, ज्याला हवा तो वाचतो. आठवड्यांच्या तक्त्यात मी टक्के सोडून सरळ मिलिमीटरमधली तफावत घेतो. वरची दोन घरे मग एकसारखी गडद दिसतात, एक हिरवे आणि एक तपकिरी.

निम्मा पाऊस आणि दुप्पट पाऊस ही समान अंतरे मानावीत, असेही एक मत आहे. त्यासाठी गुणोत्तराचा 2 या पायाचा लॉगरिदम घ्यायचा, म्हणजे निम्मा उणे 1 आणि दुप्पट अधिक 1 होतो, पांढरा पुन्हा शून्यावर. कल्पना नेटकी आहे. पण ज्या आठवड्यात पाऊसच पडला नाही त्याचा लॉगरिदम निघत नाही, आणि आपल्याकडे असे आठवडे दर हंगामात असतात. त्यांना वेगळा राखाडी रंग द्यावा लागतो.

शून्याखालची जमीनही सरकते, हे फार जणांच्या ध्यानात नसते. हवामान विभाग पूर्वी 1961 ते 2010 या काळाची सरासरी वापरत होता, आता 1971 ते 2020 ची वापरतो. देशाच्या नैऋत्य मोसमी पावसाची सरासरी त्यामुळे 880.6 मिलिमीटरवरून 868.6 वर आली. एखाद्या हंगामात देशात 870 मिलिमीटर पाऊस झाला असे धरा. जुन्या सरासरीने तफावत उणे 1.2 टक्के, नव्या सरासरीने अधिक 0.2. पाऊस तोच राहिला आणि चिन्ह बदलले. देशपातळीवर हा बदल पांढऱ्यातच विरून जातो, पण तालुक्याच्या पातळीवर, विशेषतः जून आणि सप्टेंबरच्या स्तंभांत, तो रंगात दिसण्याइतका होऊ शकतो. जुन्या अहवालातला रंगीत तक्ता आणि नव्या अहवालातला तक्ता शेजारी लावून "पाऊस सुधारला" असे म्हणण्यापूर्वी दोन्हींचा आधारकाळ पाहायला हवा. तो रंगसूचीतच छापलेला असावा असा या पुस्तिकेचा आग्रह आहे आणि मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे.

रंगांच्या निवडीवर पुस्तिकेत वेगळे प्रकरण आहे, म्हणून इथे थोडेच. वर वापरलेली तपकिरी ते हिरवट निळी `BrBG` पट्टी अमेरिकेतल्या भूगोलतज्ज्ञ सिंथिया ब्रूअर यांच्या कलरब्रूअर संग्रहातली आहे. लाल-हिरव्या पट्टीत मोठी अडचण असते. ज्यांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत, त्यांना तूट आणि आधिक्य एकच वाटतात. अशी माणसे, विशेषतः पुरुषांत, आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त आहेत. शिवाय मधला रंग बाकी सगळ्यांपेक्षा फिका असावा आणि टोकांकडे गडदपणा एकसारखा वाढत जावा. हवामान विभागाच्या ठरलेल्या नकाशात सरासरीइतका पाऊस हिरवा, तुटीचा लाल आणि मोठ्या तुटीचा पिवळा असतो. ते सहा वर्गांचे नकाशे आहेत, सवयीने ओळखले जातात आणि त्यांना तसेच वाचायचे. पण तोच क्रम आपल्या तक्त्यात आणला तर जास्त वाईट घर कमी गडद दिसेल.

शेवटी पैसेवारीकडे येतो. या पुस्तिकेचा तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण तिथे मध्यबिंदू शून्यही नाही आणि सरासरीही नाही. गावाच्या पिकाचा अंदाज पैशांत मांडतात, 100 पैसे म्हणजे पूर्ण पीक. अमरावती विभागात खरिपाची नजरअंदाज पैसेवारी 30 सप्टेंबरला, सुधारित 31 ऑक्टोबरला आणि अंतिम 31 डिसेंबरला जाहीर होते. 50 पैशांच्या आत आलेल्या गावांचा विचार टंचाईच्या सवलतींसाठी होतो. म्हणून पांढरा रंग 50 वर. समजा एखाद्या तालुक्याची सरासरी पैसेवारी 46 आहे आणि कोणी मध्यबिंदू तिथे ठेवला, तर 48 पैशांचे गाव हिरवे दिसेल, आणि त्या गावाच्या माणसाला तक्ता सांगेल की तुझे बरे चालले आहे.

पण 50 वर पांढरा ठेवूनही एक अडचण राहते, आणि ती दुतर्फी पट्टीच्या स्वभावातच आहे. ही पट्टी मध्याजवळ सर्वांत फिकी असते. 48 आणि 52 ही दोन घरे तिच्यात जवळजवळ सारखी पांढरी दिसतात, तर 20 आणि 30 मधला फरक डोळ्यांत भरतो. शासनाच्या हिशेबात याच्या नेमके उलटे आहे. 20 आणि 30 दोन्ही आतच आहेत, पण 48 आणि 52 यांच्या मधे रेषा आहे. जिथे गावकऱ्याचे नशीब बदलते तिथेच चित्र सर्वांत मऊ पडते. पावसाच्या तक्त्यात हा मऊपणा योग्य आहे, कारण उणे 3 आणि अधिक 3 यांत शेतीच्या दृष्टीने काही फरक नसतो. पैसेवारीत तो दिशाभूल करतो.

म्हणून पैसेवारीसाठी सलग पट्टी सोडून पायऱ्यांची पट्टी घ्यायची. 50 च्या खाली तीन तपकिरी पायऱ्या, वर तीन हिरव्या, मधे पांढरी पायरी ठेवायचीच नाही, आणि 50 ला लागून असलेल्या दोन्ही पायऱ्या पुरेशा वेगळ्या. बरोबर 50 पैसे सीमेच्या कोणत्या बाजूला पडतात हे शासन निर्णयात पाहून घ्यायचे आणि पायरीचे तोंड त्याप्रमाणे उघडे किंवा बंद ठेवायचे. नाहीतर बरोबर 50 चे गाव सॉफ्टवेअरच्या मर्जीने कुठल्याही रंगात जाते. मी हा तक्ता करतो तेव्हा 45 ते 55 मधल्या प्रत्येक गावाच्या घरात आकडा ठळक छापतो आणि त्या गावांची यादी तक्त्याखाली वेगळी देतो. तक्ता हातात आला की गावचे लोक आधी ती यादीच वाचतात.